दहावीच्या लेकरांपुढं बोलायचंय, भाषणाचा आराखडा जरा बघून द्या

वाळूज_सेकंडशिफ्ट
शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, अडचणीत सापडलोय. बालाघाटच्या डोंगरात आमची शाळा आहे, तिथून सरांचा फोन आला. म्हणाले, २४ तारखेला सकाळच्या शाळेत दहावीच्या मुलांना 'दहावीनंतर काय' यावर चाळीस मिनिटं बोल. तू शाळेचा माजी विद्यार्थी, कंपनीत इंजिनिअर आहेस, लेकरं तुझं ऐकतील. हो म्हणून बसलो. आयुष्यात माइक हातात धरलाय तो फक्त बहिणीच्या लग्नात, तोही 'गाडी काढा' म्हणायला.

माझं सांगायचं तर, दहावीला ७४ टक्के. मग सरकारी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, दोन वर्षं नोकरी, मग थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग. आता वाळूजला मेंटेनन्सला आहे.

आराखडा असा केलाय:

१. माझी ओळख, शाळेच्या आठवणी – ५ मिनिटं
२. स्वप्नं मोठी बघा – ५ मिनिटं
३. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, डिप्लोमा, आयटीआय, कृषी, पोलीस, आर्मी, स्पर्धा परीक्षा, सगळ्यांची माहिती – २० मिनिटं
४. मोबाईलचे तोटे – ५ मिनिटं
५. प्रश्नोत्तरं – ५ मिनिटं

मुलं ११० आहेत, दोन तुकड्या. हॉल म्हणजे पत्र्याचं शेड. काय वाढवू, काय काढू?

---

निवृत्त_खडू
रविवार, सकाळी ६:१५

तंत्रनिकेतनात एकोणतीस वर्षं शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं प्रवेशाच्या टेबलावर बसलो, म्हणून स्पष्ट बोलतो. दुसरा आणि चौथा मुद्दा काढून टाका. तुमच्याआधी मुख्याध्यापक तेच बोलणार आहेत आणि तुमच्यानंतर सरपंचही.

तिसरा मुद्दा तर नक्कीच काढा. वीस मिनिटांत नऊ वाटा म्हणजे एका वाटेला दोन-सव्वादोन मिनिटं. लेकरू घरी जाऊन सांगेल काय? 'एक दादा आले होते, त्यांनी लई काय काय सांगितलं.' त्यापेक्षा तुम्ही जी वाट चाललात ती आणि तिच्या शेजारच्या दोन, एवढंच फळ्यावर मांडा. आर्मीबद्दल आर्मीतल्याला बोलवावं.

मुलांचं नुकसान माहिती नसल्यानं होतं त्याहून जास्त फॉर्म भरताना होतं. माझ्यासमोर दरवर्षी चांगल्या टक्क्यांची दोन-चार पोरं रडलीत. टक्के कमी पडले म्हणून नाही, पर्यायांचा क्रम चुकला म्हणून. हे शाळेत कोणी सांगत नाही. तुम्ही सांगा.

---

लातूरची_खोली
रविवार, सकाळी ९:०२

माझ्या भाच्याला दहावीच्या सहामाहीत ५२ टक्के आहेत. त्याच्यासाठी लातूरला क्लासच्या जवळ कोणतं वसतिगृह बरं? जेवण घरगुती पाहिजे. दादांनी कळवावं.

---

वाळूज_सेकंडशिफ्ट
रविवार, सकाळी ९:३०

@लातूरची_खोली ताई, हा धागा भाषणाचा आहे हो 🙂 पण ५२ टक्क्यांचा भाचा लातूरला नीटच्या क्लासला कशासाठी चाललाय, ते आधी त्यालाच विचारा.

@निवृत्त_खडू सर, फळ्यावर नेमकं काय मांडू? मी मनात धरलेलं वाक्य असं: डिप्लोमावाला बारावीवाल्यापेक्षा एक वर्ष आधी इंजिनिअर होतो.

---

गोदाकाठचा_गडी
रविवार, सकाळी १०:११

बरोबर आहे, होतो आधी. माझा मित्र झालाय. शिवाय सीईटीची कटकट नाही. फक्त थेट दुसऱ्या वर्षाला १० टक्केच जागा असतात, म्हणून लई टक्के पडावे लागतात.

---

निवृत्त_खडू
रविवार, सकाळी १०:४८

दोघंही अर्धं बरोबर बोलताय. फळ्यावर हे तीन ओळींत लिहा:

अकरावी-बारावी २ + डिग्री ४ = ६ वर्षं
डिप्लोमा ३ + डिग्री ३ = ६ वर्षं
आयटीआय २ + डिप्लोमा २ + डिग्री ३ = ७ वर्षं

म्हणजे पदवीपर्यंत डिप्लोमावाला आणि बारावीवाला एकाच वर्षी पोचतात. फरक मधल्या थांब्यांत आहे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी डिप्लोमावाल्याच्या हातात नोकरी मिळवून देणारा कागद असतो. बारावीवाला त्या वेळी डिग्रीच्या पहिल्या वर्षात असतो आणि घरून पैसे मागवत असतो. घरची परिस्थिती बिघडली तर एकाला थांबता येतं, दुसऱ्याला येत नाही. जिल्हा परिषदेत, बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता व्हायला सिव्हिलचा डिप्लोमा चालतो, हेही सांगा. गावातल्या पोरांनी तो माणूस रस्त्याच्या कामावर पाहिलेला असतो, पण तो कुठं शिकला हे त्यांना माहीत नसतं.

तिसऱ्या ओळीवर मात्र थांबा. दोन वर्षांचा आयटीआयचा ट्रेड झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआयमार्गे पदवीपर्यंत फक्त एक वर्ष जादा. वेल्डरसारखा एक वर्षाचा ट्रेड घेतला तर हा हिशोब लागू होत नाही. बारावी सायन्स झालेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला येता येतं, सीईटीत काही जमलं नाही तर ही दुसरी वाट.

जागांचं म्हणाल तर थेट दुसऱ्या वर्षासाठी १० टक्के जागा जादा धरतात हे खरं. पण पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यात येतात आणि त्या कधी कधी त्या १० टक्क्यांहून बऱ्याच जास्त असतात. सीईटी लागत नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर गुणवत्ता यादी लागते, हे मात्र बरोबर.

---

गोदाकाठचा_गडी
रविवार, सकाळी ११:०५

मग माझा मित्र एक वर्ष आधी कसा झाला?

---

निवृत्त_खडू
रविवार, सकाळी ११:०९

त्याच्या वर्गातल्या बारावीवाल्यांनी रिपीट केलं असेल.

---

गोदाकाठचा_गडी
रविवार, सकाळी ११:१४

हां. केलंच होतं. नीटसाठी.

---

केजची_लेक
रविवार, दुपारी १:२०

सगळं गुळगुळीत सांगू नका, ही माझी विनंती. मी मराठी माध्यमातून डिप्लोमाला गेले. पहिल्या सेमिस्टरचं गणित समोर आलं, लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, त्रिकोणमिती, पुढं डिफरन्सिएशन, आणि सगळं इंग्रजीत. दहावीत ८२ टक्के असलेली मी गणितात २६ मार्कांनी नापास. विषय अवघड नव्हता. सरांनी 'तुम्हाला हे येतंच असेल' असं धरून चालायला सुरुवात केली होती आणि मला 'प्रॉडक्ट' म्हणजे गुणाकार हेच आठवडाभर कळलं नव्हतं. मी वर्गात सगळ्यांसारखी मान हलवत होते.

अकरावीला गेलेल्या मैत्रिणींचंही तेच झालं, पण त्यांची परीक्षा वर्षभरानं. डिप्लोमात सेमिस्टर असतं, दिवाळी झाली की लगेच पेपर. सावरायला वेळ कमी. माझ्या बॅचची सहा-सात पोरं वायडीला गेली, म्हणजे वर्ष वाया, त्यातले दोघं परत आलेच नाहीत.

एटीकेटी म्हणजे जगबुडी नाही, विषय सुटतात, हे सांगा. पण निकाल लागल्यापासून वर्ग भरेपर्यंत दोन महिने मिळतात, त्यात दहावीच्या बीजगणिताचे आणि त्रिकोणमितीचे इंग्रजी शब्द पाठ करा, हेही सांगा. मला कोणी सांगितलं असतं तर.

---

वाळूज_सेकंडशिफ्ट
रविवार, दुपारी २:००

ताई, हे मी घेतो. मला स्वतःला 'थिटा' कळायला नोव्हेंबर उजाडला होता.

@निवृत्त_खडू सर, ते पर्यायांच्या क्रमाचं सविस्तर सांगता का? मी दहावी झालो तेव्हा आमच्या सरांनीच फॉर्म भरला होता, मी फक्त सही केली.

---

निवृत्त_खडू
रविवार, सायंकाळी ५:३५

तोंडी सांगू नका, खुर्च्यांचा खेळ करून दाखवा. मी दोन-तीन शाळांत केलाय, मुलं विसरत नाहीत.

चार खुर्च्या मांडा. त्यांवर पाट्या: कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, मेकॅनिकल. प्रत्येक खुर्ची म्हणजे एक जागा. खऱ्या कॉलेजात एका शाखेला साठेक जागा असतात, आपण एकच धरू. चार मुलं पुढं बोलवा आणि हातात चिठ्ठ्या द्या: ८८, ८४, ८१ आणि ७६ टक्के. चिठ्ठीच्या मागं त्यांनी फॉर्ममध्ये भरलेला क्रम लिहिलेला असू द्या.

८८ – कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल.
८४ – याला हवंय कॉम्प्युटर, पण भीती वाटते, म्हणून 'सेफ' सिव्हिल पहिल्या नंबरला, कॉम्प्युटर दुसऱ्या.
८१ – कॉम्प्युटर, इलेक्ट्रिकल, सिव्हिल.
७६ – फक्त कॉम्प्युटर. 'लागलं तर लागलं.'

आता पहिली फेरी. जास्त टक्केवाल्यापासून सुरू करा. ८८ कॉम्प्युटरवर बसतो. ८४ चा पहिला पर्याय सिव्हिल, तो रिकामा, बसला. ८१ ला कॉम्प्युटर हवं होतं, तिथं कोणीतरी आहे, म्हणून इलेक्ट्रिकल. ७६ उभाच, आणि मेकॅनिकलची खुर्ची त्याच्या शेजारी रिकामी.

इथं मुलांना विचारा, कोण चुकलं? सगळे ७६ कडं बोट दाखवतात. तुम्ही काही बोलू नका.

दुसरी फेरी. ८८ वाल्याच्या कानात सांगा, तुझं अकरावीला लातूरला जायचं ठरलं, तू निघून जा. कॉम्प्युटरची खुर्ची रिकामी झाली. ८४ उठायला बघेल, त्याला खांदा धरून बसवा. त्यानं पहिल्या पसंतीचं भरलं होतं ते त्याला मिळालंय, त्याची जागा पक्की झाली, त्याला आता बदल नाही. ८१ ला पहिली पसंती मिळाली नव्हती. त्यानं इलेक्ट्रिकल हातात ठेवून बेटरमेंट घेतलं आणि दुसऱ्या फेरीत पुन्हा कॉम्प्युटर भरलं, तो उठून कॉम्प्युटरवर बसतो.

म्हणजे ८१ वाला कॉम्प्युटरला आणि ८४ वाला सिव्हिलला. वर्ग एकदम शांत होतो बघा.

मग सांगायचं ते एकच: वरचा पर्याय भरल्यानं खालच्या पर्यायाचा हक्क जात नाही. यंत्र प्रत्येकाचा पहिला पर्याय बघतं, नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा. त्यामुळं खरी आवड वर, सोय खाली. 'सेफ' पर्याय यादीत असावाच, पण तळाला. सिव्हिल चांगली शाखा आहे, तीच मनापासून हवी असेल तर ती वर टाका, त्यात चूक काहीच नाही.

---

पाटी_पेन्सिल
रविवार, रात्री ८:१०

मी हायस्कूलवर शिक्षिका आहे. सर, हे अकरावीलाही लागू आहे ना? २०२५ पासून अकरावी सगळ्या राज्यात ऑनलाइन झाली. आमच्याकडं पहिल्याच वर्षी गोंधळ. आधी गावच्या कॉलेजात जाऊन नाव लिहून यायचं, संपलं. आता mahafyjcadmissions.in वर दहापर्यंत पर्याय भरायचे. पालकांनी काय केलं, गावचं कॉलेज पहिल्या नंबरला आणि लातूर, अंबाजोगाई खाली. पोरीला ९१ टक्के, लागलं गावचंच. मग आल्या रडत, 'मॅडम, आम्हाला वाटलं पहिलं म्हणजे जवळचं.'

---

निवृत्त_खडू
रविवार, रात्री ८:३१

हो, तिथंही पहिली पसंती लागली आणि घेतली नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. खेळ तोच, फक्त खुर्च्यांवर कॉलेजं आणि शाखा लिहायच्या. बारीक नियम दरवर्षी थोडे सरकतात, कुठल्या फेरीत किती पसंत्यांपर्यंत जागा पक्की होते वगैरे. म्हणून मुलांना त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचायला सांगा, माझं किंवा या दादांचं वाक्य पाठ करायला नको.

---

बालाघाट_ऊस
रविवार, रात्री १०:४५

तुम्ही सगळे पालक पालक करताय. आमच्या गावात दिवाळीनंतर पालकच नसतात. आई-बाप ऊसतोडीला, कोणी सांगली-कोल्हापूरला, कोणी कर्नाटकात. घरी आजी आणि लेकरं. कारखाना बंद झाला की मार्च-एप्रिलमध्ये कोपी मोडून परत येतात. तुमचं भाषण २४ जानेवारीला, ऐकणार कोण?

मी स्वतः असंच शिकलो. दहावीचा निकाल लागला तेव्हा वडील आले होते, पण दाखले काढायला त्यांना कळेना काय काय लागतं. नॉन-क्रीमीलेयर काढायला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा मागितला. ऊसतोड्याचं उत्पन्न मुकादमाच्या वहीत असतं, तलाठ्याकडं काय असणार? त्या दाखल्यापायी माझी एक फेरी गेली. कोणाचं नाव घेत नाही, पण टेबलावरच्या माणसानं 'उद्या या' हे चार वेळा म्हटलं. शेवटी प्रवेश खुल्या गटातून झाला, खासगी कॉलेजात. त्या फीचं कर्ज फिटायला वडलांचे दोन हंगाम गेले.

दादा, भाषणात हे सांगा. स्वप्नं मोठी बघा म्हणायला आमच्याकडं कोणी कमी नाही.

---

वाळूज_सेकंडशिफ्ट
सोमवार, सकाळी ७:२०

@बालाघाट_ऊस भाऊ, मी त्याच भागातला आणि हेच विसरलो. आमच्या घरची शेती होती, म्हणून आई-बाप घरी असायचे. खरंच डोक्यात आलं नव्हतं.

पण जानेवारीत मुलं एकटी काय करू शकतात? मी त्यांना 'दाखले काढा' म्हणालो आणि बाप कर्नाटकात असला तर मी नुसता टेन्शन देऊन आलो असं होईल.

---

पाटी_पेन्सिल
सोमवार, दुपारी १२:५०

एक गोष्ट मुलं एकटी करू शकतात आणि ती जानेवारीतच करावी लागते. नाव. शाळेच्या जनरल रजिस्टरात एक, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर तिसरं. गेल्या वर्षी माझ्या वर्गात एका मुलाच्या आईचं नाव तिच्या आधारवर 'सुमनबाई' आणि आमच्याकडं 'सुमन'. एकाच्या आडनावात वेलांटी वेगळी, तर आधारच्या इंग्रजीत 'डब्ल्यू' आणि आमच्याकडं 'व्ही'. वर्गात बसून ही कटकट वाटत नाही, प्रवेशाच्या टेबलावर वाटते.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नावही छापून येतं. ते जसं छापून आलं तसं आयुष्यभर चालतं. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर दुरुस्तीला चपला झिजतात, त्याआधी शाळेतच सोपं असतं. म्हणून हॉल तिकीट हातात आलं की चार गोष्टी आधारशी ताडून बघायच्या: स्वतःचं नाव, वडलांचं, जन्मतारीख आणि आईचं, ते तिच्या आधारवरून. चुकलं असेल तर त्याच दिवशी वर्गशिक्षकांना. यात बाप गावात असायची गरज नाही.

---

निवृत्त_खडू
सोमवार, दुपारी ३:१५

बाईंचं सोळा आणे. त्यात एक जोडतो: नॉन-क्रीमीलेयरवर मुदत लिहिलेली असते. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ती चालायला हवी. मोठ्या भावासाठी तीन वर्षांपूर्वी काढलेला दाखला घेऊन येतात आणि परत जातात. मुलांना म्हणा, आज संध्याकाळी पेटी उघडून आधीचे दाखले बघा, तारीख वहीत लिहा आणि रविवारी बापाचा फोन आला की ती वाचून दाखवा. एप्रिलमध्ये आल्यावर पहिलं काम तेच.

---

पीसीएमबी_फॅन
सोमवार, रात्री ९:०५

एवढं कशाला? अकरावीला गणित आणि बायोलॉजी दोन्ही घ्यायचे, सगळी दारं उघडी. मी तेच केलं.

---

केजची_लेक
सोमवार, रात्री ९:४०

दारं उघडी राहतात हे खरं. नीटही देता येते, सीईटीचे दोन्ही गटही. पण दोन्हीचा अभ्यास पेलतोय का, ते डिसेंबरपर्यंत कळतं. नाही पेलला की बहुतेक जण गणित सोडतात आणि इंजिनिअरिंगच्या सीईटीला गणित लागतंच. तुझं काय झालं शेवटी?

---

पीसीएमबी_फॅन
सोमवार, रात्री ९:५२

सध्या बीएस्सी करतोय. पण दारं उघडी होती.

---

वाळूज_सेकंडशिफ्ट
मंगळवार, रात्री ११:५५

नवा आराखडा. वरचं सगळं वाचून केलाय:

पहिली ३ मिनिटं. ओळख लांबवत नाही. इथंच, याच शेडमध्ये बसायचो, ७४ टक्के पडले, आता काय करतो. कामाचं एकच चित्र: रात्री अडीचला लाइन बंद पडली की पॅनल उघडून नेमका कुठला कॉन्टॅक्टर चिकटलाय ते कसं शोधतो. जळालेला कॉन्टॅक्टर बरोबर नेतोय, हातात देतो, वास घेऊ द्या.

७ मिनिटं, फळा. सरांच्या तीन ओळी. ६, ६, ७. कोणता थांबा कुठं ते. गणिताची आणि इंग्रजीची गोष्ट इथंच, केजच्या ताईंची, नाव न घेता.

१५ मिनिटं, खुर्च्या. ८८, ८४, ८१, ७६.

५ मिनिटं, पेटी आणि हॉल तिकीट. चार गोष्टी ताडा, दाखल्यावरची तारीख वहीत लिहा.

१० मिनिटं प्रश्न. चिठ्ठीवर लिहून, नाव नको. पोरी हात वर करत नाहीत.

सर, खेळात ८४ टक्केवाला कोणाला करू? ज्याला बसवीन त्याला दिवसभर चिडवतील.

---

निवृत्त_खडू
बुधवार, सकाळी ६:०५

शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला बसवा. मी नेहमी गणिताच्या सरांना बसवतो. मुलं खूश आणि सरही नियम शिकतात. पुढं फॉर्म बहुतेक तेच भरून देणार असतात.

आणि ७६ टक्केवाल्याला उभा ठेवून खेळ संपवू नका. दुसऱ्या फेरीला पर्याय पुन्हा भरता येतात. त्याच्याकडून मेकॅनिकल भरून घ्या आणि बसवा. 'पहिल्या फेरीत नाव आलं नाही' म्हणून घरी बसलेली आणि दुसऱ्या फेरीची तारीखच न बघितलेली पोरं मी लई पाहिलीत.

---

वाळूज_सेकंडशिफ्ट
शनिवार, २४ तारीख, दुपारी ३:३०

झालं. बसमधून लिहितोय.

माइक चालला नाही, ते एक बरंच झालं. कॉन्टॅक्टर शेवटच्या बाकापर्यंत फिरला आणि परत आला तेव्हा त्याचा एक स्क्रू गायब होता. फळ्यावरचा 'सात' पाहून मागं कोणीतरी म्हणालं, 'आयटीआय करून पण इंजिनिअर होतंय व्हय?' आणि सगळे त्याच्याकडं वळून हसले. त्याला मी पुढं बोलावून ७६ टक्केवाला केलं. मेकॅनिकलच्या खुर्चीवर बसल्यावर तो उठेचना.

८४ म्हणून इंग्रजीचे सर बसले. दुसऱ्या फेरीत ते खरंच उठायला गेले, त्यांना नियम माहीत नव्हता. मी खांदा धरला तेव्हा आख्खं शेड दणाणलं.

वेळ चुकली. खुर्च्यांनाच पंचवीस मिनिटं गेली, पेटीचं घाईत झालं. सरांनी कबूल केलंय की हॉल तिकीट वाटतील त्या दिवशी आधार कार्ड आणायला सांगतील आणि वर्गातच ताडून घेतील.

चिठ्ठ्या ३१ आल्या. पोलीस भरतीच्या नऊ, त्यांना मी सांगितलं की ते मला येत नाही. एका चिठ्ठीचं उत्तर मला देता आलं नाही, अजूनही नाही. जशी होती तशी लिहितो: 'दादा आवड वर टाका म्हणाले. मला तंत्रनिकेतन आवडतं. पण आई-बाप कारखान्यावर असतात आणि आजी म्हणते बाहेरगावी पोरगी ठेवायची नाही. मग मी एक नंबरला काय टाकू?'

---

केजची_लेक
शनिवार, दुपारी ४:१०

तिला सांगा, लातूरला शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे. सगळ्या मुली, आणि राहण्याची सोय तिथंच. माझ्या आजीनंही हेच म्हटलं होतं. ती 'मुलींचंच आहे' एवढ्यावर तयार झाली.

---

बालाघाट_ऊस
शनिवार, दुपारी ४:४५

आजी तयार होईल. पण आजीला सांभाळायला घरी कोण? त्या पोरीला बाहेर पाठवत नाहीत त्यामागं बहुतेक वेळा तेच असतं, लहान भावंडं आणि स्वयंपाक.

---

वाळूज_सेकंडशिफ्ट
शनिवार, सायंकाळी ५:०२

चिठ्ठीवर नाव नाही. सर म्हणाले अक्षरावरून ओळखू येतंय. एप्रिलमध्ये कारखाना बंद झाला की तिच्या वडलांना शाळेत बोलवतो म्हणालेत. तेव्हा मला सुट्टी मिळाली तर मीही येईन म्हटलंय.

---

लातूरची_खोली
शनिवार, रात्री ९:१५

भाच्याला विचारलं. त्याला नीट द्यायचीच नाही म्हणे, इलेक्ट्रिशियन व्हायचंय. आयटीआयला कधी अर्ज करायचा असतो?

---

निवृत्त_खडू
रविवार, सकाळी ६:२०

निकाल लागला की. तोवर त्याचा दहावीचा सायन्स आणि गणिताचा पेपर नीट जाऊ द्या, इलेक्ट्रिशियनला ते दोन्ही विषय लागतात. आणि आधारवरचं नाव बघून घ्या.